‘अ’ला मागे ठेवून ‘व’पासून सुरुवात

अक्षरं गिरवायचं दुकानातलं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पानावर ‘अ’ असतो. अननसाचं चित्र आणि त्याखाली ठिपक्याठिपक्यांचा मोठा ‘अ’. पाच वर्षांच्या लेकीसाठी आम्हीही तसलंच एक पुस्तक आणलं होतं. तिने पहिल्या पानावरचे ठिपके इमानाने जोडले. पण खालच्या रिकाम्या चौकटीत स्वतःचं स्वतः काढायची वेळ आली, तेव्हा तिने इंग्रजी तीनचा आकडा काढला, त्याच्या शेजारी सुटी उभी रेघ ओढली आणि पुस्तक मिटलं.

तिचं काय अडतंय ते बघायला मी पेन्सिल घेऊन शक्य तितक्या सावकाश ‘अ’ लिहून पाहिला. आधी उजवीकडे फुगणारा एक अर्धगोल. तो मध्यावर आत येतो न येतो तोच त्याखाली तसाच दुसरा. मग पेन्सिल उचलून पुन्हा मध्यावर यायचं, आडवी रेघ ओढायची, त्या रेघेला टेकेल असा काना द्यायचा आणि वर शिरोरेषा, तीसुद्धा फक्त उजव्या बाजूला. मोठ्यांच्या हाताला यातलं काहीच जाणवत नाही. पाच वर्षांच्या हाताला मात्र हे चार वेगवेगळे निर्णय आहेत आणि प्रत्येक निर्णय आधीच्या रेघेवर अवलंबून आहे.

आपली वर्णमाला उच्चाराच्या क्रमाने लावलेली आहे. घशातून निघणारा ‘क’ आधी, मग टाळू, मूर्धा, दात आणि शेवटी ओठांचा ‘प’ वर्ग. म्हणायला आणि पाठ करायला हा क्रम सुरेख आहे. पण हाताला काय सोपं जाईल याचा त्यात विचार नाही, आणि तो असायचं कारणही नव्हतं. त्यामुळे लिहिण्यापुरता वेगळा क्रम लावायचा आणि त्याप्रमाणे घरीच पानं काढायची असं ठरवलं.

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, यात नवीन ते काय? आम्ही ग-म-भ-ननंच सुरुवात करायचो. आणि त्याच्याही आधी रेघा घोटून घ्यायचो.” ग, म, भ, न या चारही अक्षरांना उजवीकडे काना आहे, म्हणजे निम्मं अक्षर एकच. मी त्या क्रमाला पुढे हात लावला, पण वळणं सारखी ती अक्षरं एकत्र, ही कल्पना त्यातलीच.

एका दुपारी आम्ही दोघींनी सगळी अक्षरं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक करून लिहिली आणि जमिनीवर मांडून त्यांचे ढीग करायला बसलो. प्रत्येक अक्षराला तीन प्रश्न विचारायचे. एकाच रेघेत वळण मध्येच उलट फिरतं का? तिरकी रेघ आहे का, आणि असली तर ती मोकळ्यावर संपते की कशाला तरी टेकते? आणि कुठे गाठ मारावी लागते का? तिरक्या रेघेचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मुलांना ती उशिरा जमते. उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकचं चिन्ह, चौकोन आणि मग त्रिकोण असा आकार काढता येण्याचा साधारण क्रम असतो. त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास येतो, आणि त्यात अडतात त्या त्याच्या तिरक्या बाजूच.

पहिल्या ढिगात ‘व’ आला. डावीकडे एक वाटी, उजवीकडे काना, वर शिरोरेषा. वाटीचं वळण एकाच दिशेने फिरतं आणि दोन्ही टोकं कान्याला टेकतात, म्हणजे हाताला थांबायची जागा ठरलेली. त्याच्या मागे ‘ब’, म्हणजे पोटात रेघ असलेला ‘व’. ही रेघ तिरकी आहे खरी, पण ती दोन्हीकडून बांधलेली असल्याने जमून जाते. मग ‘प’ आणि त्याच्या पोटात रेघ मारून पोटफोड्या ‘ष’. त्यानंतर ‘क’ आणि ‘फ’ एकत्र, कारण या दोघांत काना मधोमध येतो आणि उजवीकडे आकडा निघतो. क म्हणजे आकडा लावलेला ‘व’, फ म्हणजे आकडा लावलेला ‘प’. आकडा वाटीच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून दोघं जरा मागे. वर्णमालेत ‘व’ जवळजवळ शेवटी, आमच्याकडे सगळ्यांत पुढे.

दुसरा ढीग ग, न, त, म यांचा. तिसरा देठाला लोंबणाऱ्या अक्षरांचा: ट, ठ, ढ, द. यांना काना नाही. शिरोरेषेखाली छोटा देठ आणि त्याला लागून वळण. ‘ठ’ तर देठाला टांगलेला गोलच, आणि मुलांना गोल काढायला आवडतो. सासूबाईंचं म्हणणं होतं की ‘ठ’ पहिल्याच दिवशी द्यावा. मी तो ‘व’ नंतर लगेच दिला आणि तो लेकीचा सगळ्यांत लाडका झाला.

र, स, ख एका ढिगात गेले आणि तो ढीग मी बराच मागे ठेवला. ‘र’ दिसायला किरकोळ. पण त्याचं वळण उजवीकडे फुगून आत येतं आणि तिथून शेपटी मोकळ्यावर तिरकी खाली जाते. ती कुठे थांबवायची हे सांगायला ना काना, ना दुसरी रेघ. बऱ्याच मुलांचा ‘र’ म्हणून शेपटीला आडवा होतो किंवा गोल वळून पुन्हा वर जातो. ‘स’ मध्ये त्याच शेपटीच्या वर आडवी रेघ येऊन कान्याला मिळते. ‘ख’ मध्ये ‘र’ आणि ‘व’ खालून जोडलेले असतात. ते सुटे राहिले की ‘रव’ वाचलं जातं, म्हणूनच जोडलेला ‘ख’ प्रमाण मानला गेला.

सगळ्यांत शेवटी ज्यांचं वळण मध्येच पालटतं ती: ड, इ, ई, उ, ऊ, ह, ळ, छ, झ आणि आमचा ‘अ’. इथे एक घरगुती अडचण होती. लेकीच्या नावात ‘ई’ आहे आणि प्रत्येक मुलाला पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायचं असतं. त्याला क्रमाचं कारण सांगून उपयोग नव्हता. नावाचं एक वेगळं पान कायमचं भिंतीवर लावलं आणि त्यावर ती तिला हवं तसं लिहायची. त्या ‘ई’च्या वळणाला मी महिनोन्‌महिने काही बोलले नाही.

आता पानाविषयी. ए-फोर कागद आडवा धरला. मुख्य पट्टी दोन सेंटिमीटर उंचीची: वरची रेघ जाड, तिला शिरोरेषा, खालची बारीक, तिथे काना संपतो, मधोमध एक तुटक रेघ. आपली अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहत नाहीत, वरच्या रेघेला लोंबतात, म्हणून वरचीच जाड हवी. मधली तुटक रेघ मला फार उपयोगी वाटली, कारण मराठीत बऱ्याच गोष्टी मध्यावर घडतात. ‘त’ कान्याच्या मध्यावरून निघतो, ‘क’चा आकडा तिथूनच फुटतो, ‘र’ची कंबर तिथेच असते. पट्टीच्या वर आणि खाली प्रत्येकी एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडली, म्हणजे पुढे मात्रा, वेलांटी आणि उकार यांना जागा मिळते. बाजारातल्या दुरेघी वहीत ही जागा तोकडी असते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत जाऊन अडकतो. हात बसल्यावर पट्टी दीड सेंटिमीटरवर आणली आणि मगच दुरेघी वही दिली.

गिरवायचं अक्षर ठिपक्यांचं ठेवलं नाही. ठिपके असले की मूल एका ठिपक्यावरून पुढच्या ठिपक्यावर जातं, दर ठिकाणी थांबतं, आणि वळण तुकड्यातुकड्यांचं होतं. तिच्या जुन्या पुस्तकातल्या ‘अ’ची रेघ अशीच हिसके खाल्लेली होती. त्याऐवजी फिक्या राखाडी रंगाची सलग रेघ घेतली. ओळीत पहिलं अक्षर गडद, त्यावर सुरुवातीच्या जागी लाल टिंब आणि दिशेचे बाण; मग तीन फिकी अक्षरं; मग दोन ठिकाणी फक्त लाल टिंब; आणि शेवटी रिकामी जागा. या सगळ्यात लाल टिंब सर्वांत मोलाचं. पेन्सिल योग्य जागी टेकली की पुढची वाट बरीचशी आपोआप सापडते.

फिकी रेघ झेरॉक्सवाल्याकडे टिकत नाही हे लक्षात ठेवा. प्रतीची पुन्हा प्रत काढली की ती एकतर काळी होते नाहीतर गायबच होते. म्हणून दर वेळी मूळ फाइलमधूनच प्रिंट काढायची. प्लास्टिकच्या पिशवीत पान घालून त्यावर पुसता येणाऱ्या मार्करने लिहायची सोयही करून पाहिली. कागद वाचतो, पण मार्कर प्लास्टिकवरून निसटतो, हाताला अडसर लागत नाही आणि वळणावर थांबता येत नाही. त्यापेक्षा दगडी पाटी बरी, तिच्यावर पेन्सिल अडकत अडकत चालते.

नमुन्याची अक्षरं कॉम्प्युटरच्या टंकातून घेतली नाहीत. छापील अक्षराला जाडी असते, एका ठिकाणी जाड तर दुसरीकडे बारीक, आणि त्यात हात कुठून कुठे गेला हे दिसत नाही. सासूबाईंनी जाड स्केचपेनने एकेक अक्षर लिहिलं, मी ते स्कॅन करून फिकं केलं. खालचे शब्द तेवढे टाइप केले. तिथे एक गोष्ट कळली. टंक तोच, `Noto Sans Devanagari`, पण मजकुराची भाषा हिंदी असली तर ‘ल’ उजवीकडे दांडी असलेला येतो; भाषा मराठी केली की आपला दोन पाकळ्यांचा. ‘श’चंही तसंच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी लिपी प्रमाण केली, त्यात हे मराठी वळणाचे ल आणि श आहेत. लेकीच्या शाळेतल्या पुस्तकात मात्र हिंदी वळणाचा ‘ल’ होता. बाईंना भेटून विचारलं, तर त्या म्हणाल्या, “दोन्ही चालतील, फक्त एकच काय ते धरा.” आम्ही पाकळ्यांचा धरला. दांडीचा ‘ल’ तिला फक्त वाचायला शिकवला.

सराव कसा चालायचा ते ‘घ’ आणि ‘ध’वरून सांगते, कारण सगळ्यांत जास्त गंमत तिथेच आली. आमच्या ढिगांत तीन जोड्या निघाल्या होत्या: य–थ, घ–ध, म–भ. प्रत्येक जोडीत अंग सारखं आहे. पहिलं अक्षर शिरोरेषेला टेकून सुरू होतं. दुसरं टेकत नाही, त्याऐवजी डोक्यावर एक छोटी गाठ घेतं आणि तिथे शिरोरेषा तुटते. फरक एवढाच. पण शिरोरेषा मुलं शेवटी आणि एका दमात ओढतात, त्यामुळे ‘ध’ची गाठ रेघेखाली दडपते आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. वाचणाऱ्याला वाटतं, मुलाला अक्षरच येत नाही. खरं तर अंग बरोबर लिहिलेलं असतं आणि शेवटची रेघ तेवढी दोन मिलिमीटर जास्त गेलेली असते.

म्हणून आधी ‘घ’ चांगला घोटून घेतला. दोन वाट्या एकाखाली एक, डावीकडे फुगलेल्या, खालची कान्याला मिळते, मग काना, मग पूर्ण शिरोरेषा. तो हातात बसेपर्यंत ‘ध’ दाखवलासुद्धा नाही. मग ‘ध’च्या पानावर गाठीच्या वर लाल रंगाची एक रिकामी चौकट छापली आणि शिरोरेषा त्या चौकटीच्या उजवीकडून सुरू केली. लेकीने विचारलं, “आई, ह्याच्या घराला इथे पत्रा नाही का?” मी म्हटलं, नाही. “मग पाऊस आला की तो भिजणार!” त्या दिवसापासून ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ ही भिजणारी अक्षरं झाली. पुढे शब्द लिहिताना ती शिरोरेषा ओढत यायची, मध्येच पेन्सिल उचलायची आणि स्वतःशीच “हा भिजतो” म्हणून पुढे जायची.

दोन्ही सुटी सुटी आली, की मगच एकत्र. त्या पानावर फक्त जोडशब्द घेतले: घाव–धाव, घन–धन. म–भसाठी मात–भात आणि मान–भान, य–थसाठी माया–माथा. मी एक शब्द बोलायचा, तिने लिहायचा आणि आजीने पाठीमागे बसून, तोंड न बघता फक्त कागद वाचून, काय लिहिलंय ते सांगायचं. आजीने ‘धाव’ऐवजी ‘घाव’ वाचलं की चूक कोणी सांगावी लागत नसे. ती स्वतःच खोडरबर शोधायची. या पानावर खोडरबर चालू ठेवलं, एरवी ते कपाटात असायचं, कारण खोडत बसलं की लिहिणं होत नाही.

आकार बरोबर आला तरी हात बरोबर गेला असेलच असं नाही, आणि ते कागदावरून ओळखता येतं. पेन्सिलची रेघ जिथे सुरू होते तिथे जरा ठळक असते आणि जिथे सुटते तिथे निमुळती होते. कान्याचं वरचं टोक निमुळतं दिसलं, तर तो खालून वर ओढलाय. ‘व’चा ठळकपणा खालच्या टोकाला असला, तर वाटी उलटी फिरवलीय. एका अक्षरापुरतं यात काही बिघडत नाही. पण पुढे शब्द जलद लिहायचे तेव्हा खालून वर गेलेला हात पुढच्या अक्षरासाठी चुकीच्या जागी उभा असतो, मग शिरोरेषेची पातळी जाते. शिवाय पान उलटं करून मागून बोट फिरवायचं. रेघा उठून लागल्या तर मूल फार दाबून लिहितंय. तशा वेळी मी टू-बी पेन्सिल द्यायची आणि पान अर्धंच करायचं.

सगळ्यात सुखाची गोष्ट म्हणजे काना. उभी रेघ तिला आधीपासून येत होती, म्हणजे ‘आ’ची खूण शिकवावी लागलीच नाही. व, ब, प, क आणि ग, न, म, त एवढी अक्षरं हाताशी आली की काका, मामा, बाबा, नाना, मका, तवा, पान, नाक, कान, गाव, नाव एवढे शब्द लिहिता येतात, आणि ‘ट’ आला की वाट आणि पाट. वर्णमालेच्या क्रमाने गेलं, तर तेवढ्याच मेहनतीत अ आ इ ई उ ऊ येतात आणि त्यातून ‘आई’ आणि ‘ऊ’ सोडले तर काही म्हणता काही लिहिता येत नाही. ‘बाबा’ लिहून झाल्यावर तिने तो कागद बाबांच्या डब्यात घातला, भाजीच्या झाकणाखाली. तो संध्याकाळी तेलकट होऊन परत आला.

वेलांट्यांच्या बाबतीत मी दुसरी आधी घेतली आणि पहिली मागे ठेवली. कारणं दोन आहेत. एक तर मराठी शब्दाच्या शेवटी इ-कार, उ-कार बहुतेक दीर्घ लिहितात, त्यामुळे मुलाच्या रोजच्या बोलण्यातले आजी, मामी, काकी, पाणी हे सगळे दुसऱ्या वेलांटीचे. काकू, लाडू, चाकू हे दुसऱ्या उकाराचे. दुसरं कारण हाताचं. दुसरी वेलांटी अक्षर लिहून झाल्यावर उजवीकडे येते, म्हणजे ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. पहिल्या वेलांटीत उच्चार नंतर होतो, पण रेघ अक्षराच्या आधी, डावीकडे येते. मूल आधी ‘क’ लिहून बसतं आणि मग डावीकडे जागाच उरत नाही. तिच्यासाठी वेगळं पान केलं, त्यात प्रत्येक अक्षराच्या डावीकडे राखाडी उभी पट्टी मोकळी ठेवली. आधी पट्टीत रेघ, मग अक्षर, मग वरून कमान. ‘किती’ हा शब्द त्यासाठी सोयीचा, कारण दोन्ही वेलांट्या एकाच शब्दात समोरासमोर येतात. मात्रा, अनुस्वार यांना फारसा वेळ लागला नाही.

शेजारच्या मुलासाठी हीच पानं मागितली गेली, तेव्हा एक फेरफार करावा लागला. तो डावखुरा आहे. लिहिताना त्याचा हात ओळीच्या डावीकडचा नमुना झाकतो, त्यामुळे पहिलं अक्षर झालं की पुढची सगळी आठवणीने. त्याच्या पानांवर गडद अक्षर ओळीच्या दोन्ही टोकांना छापलं. शिरोरेषा आणि आडव्या रेघा तो उजवीकडून डावीकडे ओढतो. उजव्या हाताने आपण रेघ आपल्यापासून दूर ओढतो, डाव्या हाताला तशीच ओढायची तर उलटीच दिशा सोयीची. मी त्याचे बाण बदलले. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांच्या मते डावखुऱ्यालाही डावीकडूनच ओढायची सवय लावावी, नाहीतर पुढे शब्दाच्या शेवटी पोचलेला हात शिरोरेषेबरोबर पुन्हा डावीकडे जातो. म्हणजे शिरोरेषा झाली की पुढच्या शब्दासाठी पुन्हा परत यावं लागतं. त्यात तथ्य आहे. मुलगा अजून सुटी अक्षरंच लिहितोय, शब्दांवर आला की बघू.

‘अ’ आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. तोवर ‘ड’, ‘उ’ आणि ‘इ’ यांच्यामुळे पालटणारी वळणं हातात बसली होती, ‘त’ आणि ‘न’ यांनी मध्यावरून कान्याला भिडणारी आडवी रेघ दिली होती, आणि अर्धवट शिरोरेषा ‘ध’ने शिकवली होती. ‘अ’मध्ये नवीन काही उरलंच नव्हतं. पानातल्या फिक्या अक्षरांना तिने हातही लावला नाही, थेट रिकाम्या जागेत लिहिला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सुचवलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे अि, अी, अु असे स्वर लिहायची, रूढ झाली असती तर ‘इ’, ‘उ’, ‘ए’ची आणखी पानं वाचली असती, असं सासूबाई ती पानं आवरताना म्हणाल्या. मात्र मग ‘अ’ पहिल्यापासून लागला असता आणि माझी सगळी रचना कोलमडली असती.

सध्या जोडाक्षरं चालू आहेत, आणि तिथेही ढीग कामाला आले. काना असलेल्या अक्षरांचा काना काढून टाकला की अर्धं अक्षर तयार होतं: म्ह, त्य, न्ह, ष्ट. पानावर काना फिक्या ठिपक्यांत छापते आणि तिने तो लिहायचाच नाही. क आणि फ यांचा आकडा आखूड होतो, तेवढं वेगळं. देठाच्या अक्षरांना काढून टाकायला कानाच नाही, म्हणून ट्ट, ड्ड, द्द हे एकाखाली एक किंवा पाय मोडून लिहावे लागतात, आणि ‘द्ध’ मध्ये तर कोण कुठे गेलं ते मलाच सांगता येत नाही. ती पानं अजून काढलेली नाहीत. ‘ङ’ आणि ‘ञ’ची काढणारही नाही. एकदा लिहून दाखवली, तिने बघितली, पुरे. सुटी लागली की आधी ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ घ्यायचे आहेत, कारण वर्गात दोन ज्ञानेश्वरी आहेत आणि त्यातली एक तिची मैत्रीण आहे.